पडक्या देवळाचं शिखर कुठे होतं? साक्री तालुक्यातल्या एका आराखड्याचं वाचन

बळसाण्याची जुनी देवळं पाहायला लोक दुरून येतात, पण धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात त्याच काळातली, त्याच काळ्या दगडाची आणखीही पडकी देवळं आहेत. अशाच एका गावातल्या महादेवाच्या देवळाचं हे प्रकरण आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथले सुटे कोरीव दगड अजून उघड्यावर आहेत.

देवळाच्या समितीने मला बोलावलं तेव्हा प्रश्न साधा होता. देवळावर नवं शिखर चढवायचं आहे, त्याचं चित्र काढून द्या. वर्गणी जमली होती. मिस्तरी ठरला होता, आणि तो कामाचा जाणकार माणूस होता. आजूबाजूच्या गावांतली तीन-चार सिमेंटची शिखरं त्याच्या हातची होती. नवं शिखर पुढच्या खांबांच्या दालनावर उभारायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्याचं कारणही चुकीचं वाटण्यासारखं नव्हतं. त्या दालनावर चुन्या-विटांचा एक बसका घुमट होता, त्यावर पितळी कळस होता आणि गाव त्यालाच शिखर म्हणत आलं होतं. मागच्या बाजूला, पिंडीच्या खोलीवर, नुसता दगडमातीचा ढीग होता आणि त्यात पिंपळ उगवला होता. दालन मोठं, मागची खोली लहान, म्हणून मोठ्यावर मोठं शिखर असा त्याचा हिशोब.

मी म्हटलं, चित्र नंतर काढू. आधी देवळाचा आराखडा मोजून घेऊ. शिखर कुठे होतं ते देऊळच सांगेल.

मोजणी, आणि पहिल्या दिवसाची चूक

माझ्याबरोबर वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी होते. सामान फार नव्हतं: तीस मीटरची फीत, पाच मीटरची फीत, ओळंबा, सुतळी, पाणसळीची नळी आणि खडू. देवळाचं तोंड पूर्वेला. पूर्वेकडून आत शिरताना आधी मुखमंडपाचा चौथरा लागतो. त्यावर दोन खांबांच्या बैठका तेवढ्या उरल्यात. मग खांबांचं दालन, म्हणजे मंडप. त्यामागे एक अरुंद जागा, अंतराळ. आणि शेवटी तीन पायऱ्या उतरून गर्भगृह.

पहिल्या दिवशी मुलांनी बाहेरून माप घेतलं ते कमरेच्या उंचीवर, कारण तिथे फीत धरायला सोपी पडते. संध्याकाळी कागदावर मांडलं तर गर्भगृहाची भिंत मध्यावर दोन मीटरहून जाड येत होती. मला ते पटेना. सकाळी परत जाऊन पाहिलं. कमरेच्या उंचीवर देवळाचा पीठाचा भाग होता, म्हणजे खालचे थर. हे थर भिंतीच्या अंगाबाहेर ४५ सेंटिमीटर पुढे आलेले होते. खऱ्या भिंतीचं अंग, ज्याला जंघा म्हणतात, ते त्याच्या वर सुरू होतं. आम्ही आतली खोली एका पातळीवर आणि बाहेरची रेषा दुसऱ्याच पातळीवर कापली होती.

देवळाचा आराखडा वाचताना ही चूक सगळ्यात जास्त होते. आराखडा म्हणजे इमारत एका आडव्या पातळीवर कापली तर काय दिसेल ते. घराच्या भिंती वरपासून खालपर्यंत सरळ असतात, म्हणून कुठेही कापलं तरी चालतं. देवळाची भिंत दर हाताला आत-बाहेर होते. त्यामुळे छापील आराखडा हाती आला तरी आधी विचारावं, ही रेषा पीठाची आहे की जंघेची? काही आराखड्यांत दोन्ही रेषा असतात आणि बाहेरची बारीक काढलेली असते. एकच रेषा असेल आणि भिंत अवास्तव जाड दिसत असेल, तर ती बहुधा पीठाची असते.

दुसऱ्या दिवशी शिडीवर चढून जंघेच्या पातळीवर, ओळंबा सोडून, सगळं परत मोजलं. गर्भगृह आतून चौरस, २.४० मीटर बाय २.४० मीटर. कर्ण ३.४० आणि ३.३८ मीटर आले. अचूक चौरसाचा कर्ण ३.३९ येतो, म्हणजे खोली खरोखर चौरस आहे आणि आठशे-नऊशे वर्षांत फारशी खचलेली नाही. बाहेरून, पश्चिमेच्या आणि उत्तर-दक्षिणेच्या मधल्या भागांवर घेतलेल्या मापांप्रमाणे, केंद्रापासून भिंतीचं तोंड २.८० मीटरवर. म्हणजे तिथे भिंत १.६० मीटर जाड. मंडप आतून ५.४० मीटर चौरस, आणि त्याची भिंत फक्त ७५ सेंटिमीटर.

भिंतीची जाडी काय सांगते

आम्ही दुपारी भाकरी खात बसलो होतो तेव्हा गावातले एक आबा, देवळाशेजारीच ज्यांचं शेत आहे, आराखड्याचा कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, बाहेरतीन इतलं मोठं दिखस, मझार मातर इतलीशी खोली. काबर?"

सगळा आराखडा या एका प्रश्नात आहे. मोठ्या दालनाला पातळ भिंत आणि लहान खोलीला दुपटीहून जाड भिंत, असं कोणी उगाच करत नाही. त्या दगडाला काही तरी उचलायचं होतं.

मी आबांना कागदावरच हिशोब मांडून दाखवला. गर्भगृहाभोवतीच्या भिंतीने जमिनीवर किती जागा व्यापली आहे? दाराचा भाग वगळला तर सुमारे १५ चौरस मीटर. मंडपाच्या मधल्या चार खांबांनी? प्रत्येक खांब ४० सेंटिमीटर चौरस, म्हणजे चारही मिळून ०.६४ चौरस मीटर. शिखराचं वजन मी ढोबळ काढलं. भिंतीच्या माथ्यापासून वर सुमारे सात मीटर उंचीचा निमुळता दगडी मनोरा, आतून अंशतः पोकळ, असा धरला तर शंभर ते सव्वाशे टन होतं. हे वजन १५ चौरस मीटरवर पसरलं की बेसाल्टला काहीच वाटत नाही.

मिस्तरी म्हणाला, काळा दगड आहे, चार खांबांवरसुद्धा तो चुरडणार नाही. त्यात तथ्य होतं. दगड दाबाने सहसा चुरडत नाही. पण मंडपाचा भार खांबावर थेट पडत नाही, आधी तुळईवर पडतो. दगडी तुळई वाकवली की तिच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि ताण दगडाला सोसत नाही. आम्ही वर पाहिलं. पूर्वेकडच्या तुळईला मधोमध तडा होता, खाली रुंद आणि वर जाताना बारीक होत गेलेला. वाकून पडलेला तडा असाच असतो. नंतर बांधलेल्या त्या बसक्या घुमटानेच तुळईचं हे केलं होतं. खांबसुद्धा एकसंध नव्हते. बैठक, खांबाचं अंग, वरचा भाग आणि तुळई झेलणारे हस्त असे सुटे दगड चुन्याशिवाय एकमेकांवर ठेवलेले होते. भाराची रेषा जराशी बाजूला सरकली की असा खांब मोडत नाही, कलंडतो.

मिस्तरी तुळईच्या खाली उभा राहून बराच वेळ त्या तड्याकडे बघत होता. त्यानंतर मंडपावर शिखर चढवायची गोष्ट त्याने स्वतःच सोडून दिली.

मंडपाला मग वर काय होतं? ते आतूनच कळतं. चार खांबांवरच्या चार तुळयांनी एक चौकट होते. चौकटीच्या कोपऱ्यांवर तिरपे दगड ठेवले की तिचा अष्टकोन होतो. त्यावर दगडांची वलयं, प्रत्येक वलय खालच्यापेक्षा थोडं आत सरकवलेलं, आणि शेवटी मध्ये एक कमळ कोरलेला दगड. ही कमान नव्हे. प्रत्येक दगड आडवाच बसलेला असतो आणि पुढे आलेला भाग मागच्या वजनाने धरून ठेवलेला असतो. अशा छतावर बाहेरून पायऱ्यापायऱ्यांचं, बसकं, घंटेच्या आकाराचं छप्पर येतं. ते मागचं वजन देतं आणि पाणी उतरवतं. त्याहून जास्त काही त्याच्याकडून अपेक्षित नसतं.

खांबांच्या मधल्या चौरसाचं माप घेतलं तेव्हा मला स्वतःला आनंद झाला. खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत २.४५ मीटर. गर्भगृहाच्या आतल्या बाजूइतकंच म्हणायला हरकत नाही. छताच्या कमळाखाली उभं राहिलं आणि पिंडीच्या पुढे उभं राहिलं, तरी माणसाभोवती सारख्याच मापाचा चौरस असतो. एक भक्तांकडे उघडा, चार खांबांचा. दुसरा जाड भिंतींनी बंद केलेला. पहिल्यावर उलटं ठेवलेलं कमळ, दुसऱ्यावर शिखर. सगळ्याच देवळांत ही मापं जुळतात असं नाही, पण आराखडा हाती आला की मी हे आधी तपासते. जुळली, तर मंडप आणि गर्भगृह एकाच वेळी, एकाच हिशोबाने बांधल्याची शक्यता वाढते. न जुळल्यास मंडप नंतर जोडला का, हे पाहण्यासाठी भिंतींचा सांधा तपासावा. तिथे दगडांचे थर एकमेकांत गुंतलेले नसतील आणि सरळ उभी फट दिसेल, तर दोन भाग वेगळ्या वेळचे.

तारेचा आकार

एवढ्यावर शिखर गर्भगृहावर होतं हे ठरलं. कसलं होतं, हे अजून ठरायचं होतं. गावात सगळे त्याला हेमाडपंती म्हणत होते आणि त्या शब्दाने काहीच कळत नाही. हेमाद्री हा तेराव्या शतकातल्या देवगिरीच्या यादवांचा मंत्री. चुन्याशिवाय दगड बसवलेल्या प्रत्येक जुन्या देवळाला त्याचं नाव चिकटलं. पण त्यातली कितीतरी देवळं त्याच्या आधीची आहेत. अंबरनाथच्या देवळातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे, हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचा. हेमाडपंती म्हटल्याने बांधणीची पद्धत कळते, शिखराचा प्रकार नाही.

शिखराचा प्रकार बाहेरच्या रेषेत असतो. गर्भगृहाच्या बाहेरच्या भिंतीवर जे जे कोपरे पुढे येतात, तेच वर शिखरात चढत जातात. भिंतीवरची उभी पट्टी वर शिखरावरची पट्टी होते. त्यामुळे शिखर पडलं तरी त्याचा आडवा छेद भिंतीच्या रूपाने जमिनीवर शिल्लक असतो. मंडपाच्या बाबतीत असं नसतं. त्याची भिंत आणि त्याचं छप्पर यांचा संबंध इतका घट्ट नसतो.

आम्ही गर्भगृहाचा मध्य बाहेर आणला. दारातून पिंडीवरून जाणारी सुतळी मागच्या भिंतीपर्यंत ताणली, तिला काटकोनात दुसरी रेषा ३-४-५ च्या त्रिकोणाने आखली, आणि बाहेर चारही बाजूंनी खुंट्या ठोकून चौकट केली. मग प्रत्येक पुढे आलेल्या कोपऱ्याचं केंद्रापासूनचं अंतर कागदावर काढलं. भिंत मध्ये असल्यामुळे हे अंतर थेट मोजता येत नाही.

साध्या, पायऱ्यापायऱ्यांनी पुढे येणाऱ्या भिंतीत टोकाचा कोपरा, म्हणजे कर्ण, केंद्रापासून सगळ्यात लांब असतो. चौरसाचा कोपरा त्याच्या बाजूच्या मध्यापेक्षा लांब असतो, तसाच. इथे तसं नव्हतं. दोन भद्रांच्या मध्ये, म्हणजे चौरसाच्या चार बाजूंवर पुढे आलेले जे मधले भाग असतात त्यांच्या मध्ये, तीन टोकदार कोपरे होते. त्या तिन्हींचं अंतर २.९० मीटर आलं, एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे. तिन्ही एकाच वर्तुळावर. लागोपाठच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर १.१३ मीटर. २.९० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर १.१३ मीटरची जीवा म्हणजे २२.५ अंश. ३६० भागिले २२.५ म्हणजे १६. एक चौरस मध्याभोवती २२.५ अंशांनी फिरवत गेलं की चार चौरसांत सोळा टोकांची तारा तयार होते. त्यातली चार टोकं चार दिशांना येतात आणि त्यांच्या जागी सरळ तोंडाचे भद्र बसवलेले असतात. उरली बारा. दर पावभागात तीन.

मुलांनी वर्तुळ काढून चौरस फिरवले तेव्हा मोजलेले कोपरे रेषेवर येऊन बसले. आराखडा वाचायला शिकवताना हा प्रयोग मी दर वर्षी सांगते, पण उन्हात, खऱ्या दगडांवर, तो असा जमून येताना पाहणं वेगळं असतं.

तारेसारखी भिंत आणि चारही दिशांना सरळ भद्र, ही भूमिज शिखराची खूण आहे. या शिखरात चार भद्रांवरून चार रुंद पट्ट्या, म्हणजे लता, वरपर्यंत जातात. त्यांच्या मधल्या पावभागांत छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक मजल्यांसारख्या चढतात. प्रत्येक मजला म्हणजे एक भूमी, आणि प्रत्येक छोटं शिखर म्हणजे कूट. माळव्यात परमार राजांच्या काळात हा प्रकार फुलला. मध्य प्रदेशातल्या उदयपूरचं उदयेश्वर मंदिर, इ.स. १०८० चं, त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. तापीच्या खोऱ्यातून तो दक्षिणेकडे आला यात नवल नाही, कारण माळव्यातून दख्खनमध्ये उतरायची वाटच खानदेशातून जाते. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर धुळ्याहून मालेगावकडे जाताना महामार्गाजवळ झोडग्याचं माणकेश्वर मंदिर आहे. तिथलं भूमिज शिखर उभं आहे. मी मुलांना दुसऱ्या आठवड्यात तिथे नेलं. खाली भिंतीचा कोपरा बोटाने धरायचा आणि डोळ्यांनी तोच कोपरा वर वर शोधत जायचं, एवढंच त्यांना करायला सांगितलं.

भूमी किती होत्या

हे मात्र आराखडा सांगत नाही. पावभागात कूटांच्या तीन उभ्या रांगा होत्या हे कळलं, प्रत्येक भूमीवर बारा कूट होते हेही कळलं, पण भूमी पाच की सात की नऊ, हे जमिनीवरच्या रेषेतून कधीच ठरत नाही. त्यासाठी पडलेले दगड लागतात.

पिंपळाच्या मुळांत आणि मागच्या बांधावर आम्हाला कूटांचे एकोणीस दगड मिळाले. भूमी वर चढते तसं शिखर अरुंद होतं आणि कूटही लहान होत जातात, म्हणून त्यांची रुंदी मोजून आम्ही ते शेतात गटांनी मांडले. चार गट पडले: ६२, ५४, ४७ आणि ३५ सेंटिमीटर. पहिल्या गटातून दुसऱ्यात ८ ची घट, मग ७ ची, आणि मग एकदम १२ ची. आधीच्या दोन घटींत प्रत्येक माप मागच्याच्या सुमारे ०.८७ पट येतं. त्याच हिशोबाने ४७ नंतर ४१ यायला हवं आणि मग ३५ जवळपास बसतं. एक रांग बेपत्ता होती. मी चित्रात पाच भूमी काढल्या, पण चौथी तुटक रेषेने.

शेतातच एक वाकडा, कंगोरे असलेला दगड होता. मुलांना तो खांबाचा वाटला. तो आमलकाचा तुकडा होता, शिखराच्या माथ्यावर असणाऱ्या आवळ्यासारख्या गोल दगडाचा. त्याच्या कडेवर ६० सेंटिमीटरची सरळ पट्टी मध्यावर टेकवून धरली तर दोन्ही टोकांना ६ सेंटिमीटरचं अंतर राहत होतं. त्यावरून त्रिज्या ७८ सेंटिमीटर येते, म्हणजे पूर्ण आमलक सुमारे दीड मीटर व्यासाचा. तळाशी ५.६० मीटर रुंद आणि माथ्यावर दीड मीटरचं चाक. शिखराच्या बाह्यरेषेची दोन टोकं मिळाली.

उंची मिळाली नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत देवळाची उंची रुंदीच्या दुप्पट सांगितली आहे आणि गर्भ रुंदीच्या निम्मा. आमच्या देवळात गर्भ निम्म्यापेक्षा थोडा कमी, ५.६० ला २.४०. उंची त्या नियमाने ११ मीटरच्या आसपास येते, आणि वजनाच्या हिशोबातले सात मीटर मी त्यातूनच, भिंतीची उंची वजा करून, धरले होते. पण तो ग्रंथ सहाव्या शतकातला आणि हे देऊळ त्यानंतर पाचशे-सहाशे वर्षांनी बांधलेलं, तेही दुसऱ्या परंपरेत. ढोबळ हिशोबाला असा नियम चालतो. त्यावरून दगड घडवायला घेणं मला मान्य नव्हतं, आणि मी समितीला तसं स्पष्ट सांगितलं.

अंतराळ

वर घाईने ओलांडलेल्या अंतराळाकडे परत यायला हवं, कारण समितीतल्या एका तरुणाने विचारलं, "शिखर मागे आणि घुमट पुढे, तर मग दोघांच्या मध्ये काय?"

आराखड्यात अंतराळ म्हणजे १.२० मीटर खोल एक चिंचोळी जागा. मंडपातून पाहिलं तर नुसता उंबऱ्यापुढचा बोळ वाटतो. पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती मंडपासारख्या पातळ नाहीत, गर्भगृहासारख्या जाड आहेत. म्हणजे त्यांच्यावरही भार होता. तो भार शुकनासाचा. शिखराचा पुढचा भाग नाकासारखा अंतराळावर पुढे येतो, त्याला शुकनास म्हणतात. पूर्वेकडची लता त्यामुळे खालपर्यंत येत नाही, शुकनासाच्या माथ्यावर थांबते. बाकी तीन दिशांना ती पूर्ण दिसते. म्हणून शिखराचं चित्र काढताना तीन बाजू सारख्या आणि पुढची वेगळी येते.

शिल्पग्रंथांत याबद्दल एक नेमका नियम आहे: मंडपाच्या छपरावरची घंटा शुकनासाच्या बरोबरीची असावी, कमी असली तर उत्तम, पण जास्त नसावी. मला देवळाच्या तीन भागांचं नातं याहून थोडक्यात सांगता येत नाही. गर्भगृहाच्या रुंदीवर शिखर ठरतं, शिखरातून शुकनास पुढे येतो, आणि शुकनास मंडपाला किती वर जायचं ते ठरवून देतो. मिस्तरीच्या पहिल्या बेतात मंडपच गर्भगृहाहून उंच जात होता. मी त्याला हा नियम वाचून दाखवला तेव्हा त्याने विचारलं, "म्हणजे पुढच्याने मागच्याला झाकायचं नाही?" त्यानंतर मी विद्यार्थ्यांना हा नियम याच शब्दांत सांगते.

काय केलं

नवं शिखर बांधलं नाही. समितीत त्यावरून दोन बैठका झाल्या, नाराजीही झाली, कारण वर्गणी शिखराच्या नावाने दिलेली होती. शेवटी ठरलं ते असं. राज्याच्या पुरातत्त्व विभागाला आराखडा आणि दगडांची यादी लावून पत्र द्यायचं आणि त्यांचा माणूस येऊन पाहीपर्यंत नवं बांधकाम करायचं नाही. तडा गेलेल्या तुळईखाली मिस्तरीने लोखंडी टेकू दिला. टेकू आणि दगड यांच्या मध्ये लाकडाची फळी घातली, आणि टेकू आवळला तो तुळईला नुसता लागेपर्यंत, उचलेपर्यंत नाही. पिंपळ उपटला नाही. जाड मुळं थरांमध्ये शिरलेली होती, ती ओढली असती तर उरलेली भिंतही आली असती. झाड भिंतीलगत कापलं, आणि मुळं सुकायला दोन पावसाळे लागतील हे गावाला सांगून ठेवलं. गर्भगृहावरच्या ढिगातली माती हाताने काढली, दगड जिथे सापडला तिथे नंबर टाकून.

आता देवळाच्या ओट्यावर आराखड्याचा मोठा कागद लावलेला आहे. शिखर त्यात तुटक रेषेने आहे आणि खाली कूटांचे एकोणीस दगड चार ओळींत मांडलेले आहेत. तिसऱ्या आणि शेवटच्या ओळीच्या मध्ये आबांनी एक ओळ मोकळी ठेवायला लावली होती.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. त्यांच्या सुनेच्या माहेरी, शेजारच्या गावात, अंगणात कपडे आपटायचा एक दगड होता, उलटा टाकलेला. आबांनी तो उलटवून पाहिला तर खाली छोटं शिखर कोरलेलं. त्यांनी फीत लावली होती. एकेचाळीस सेंटिमीटर.